गैर मुन्सरिफ नामं: अरबी शिकणाऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अरबी व्याकरणाच्या माझ्या वर्गात दरवर्षी एकाच धड्यावर गाडी अडते. धडा संपल्यावरही महिनोन्महिने त्याच शंका येत राहतात, म्हणून त्या इथे एकत्र केल्या आहेत. अरबी शब्द देवनागरीत, आपल्याकडच्या उच्चाराच्या सवयीने लिहिले आहेत. शब्दाच्या शेवटची मात्रा नीट दिसावी म्हणून तिच्याआधी छोटी रेघ दिली आहे: किताब-उन, मसाजिद-अ. मात्रांची नावं कुराण वाचायला शिकताना आपण घेतो तीच आहेत. ‘अ’ म्हणजे जबर, ‘इ’ म्हणजे जेर, ‘उ’ म्हणजे पेश.

१. गैर मुन्सरिफ म्हणजे काय? अगदी सुरुवातीपासून सांगा.

अरबी नाम वाक्यात कोणतं काम करतं ते त्याच्या शेवटच्या मात्रेवरून कळतं. कर्ता असेल तर पेश, कर्म असेल तर जबर. ‘घराचा’, ‘घरात’, ‘घराहून’ अशा जागी, म्हणजे संबंध दाखवताना किंवा ‘फी’, ‘मिन’, ‘इला’ अशा अव्ययानंतर, जेर. या तीन स्थितींना अनुक्रमे रफा, नस्ब आणि जर म्हणतात. शिवाय नाम अनिश्चित असेल, म्हणजे त्याला ‘अल’ लागलेला नसेल, तर मात्रेनंतर ‘न’ ऐकू येतो. हा ‘न’ म्हणजे तनवीन. म्हणून पुस्तक कधी किताब-उन, कधी किताब-अन, तर कधी किताब-इन.

काही नामं या रिवाजातल्या दोन गोष्टी नाकारतात. एक, ती तनवीन घेत नाहीत. दोन, जर स्थितीत जेर घेत नाहीत, तिथेही जबरच लावतात. ‘मशिदी’ या अर्थाचा शब्द असा चालतो: मसाजिद-उ, मसाजिद-अ आणि पुन्हा मसाजिद-अ. कामं तीन, मात्रा दोनच. अशा नामाला गैर मुन्सरिफ किंवा मम्नूअ मिनस्सर्फ म्हणतात. युरोपीय व्याकरणांत त्यालाच डिप्टोट म्हणतात. हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ ‘दोन विभक्त्यांचा’. बाकीची नेहमीसारखी चालणारी नामं मुन्सरिफ.

२. म्हणजे या शब्दांना जर विभक्ती नसतेच, असं समजायचं का?

नाही. विभक्ती असते, फक्त तिची खूण बदलते. शाळेत संस्कृत शिकलेल्यांना हे पटकन कळेल. ‘फलं पतति’ आणि ‘फलं खादति’ यात रूप एकच, पण पहिलं प्रथमा आणि दुसरं द्वितीया. तसंच इथे.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगत नाही, कारण विशेषण जोडलं की याचा खरा परिणाम दिसतो. ‘मी पुष्कळ मशिदींत नमाज पढलो’ याचं अरबी सल्लैतु फी मसाजिद-अ कसीरत-इन असं होतं. ‘मसाजिद’ला जबर, पण त्याच्या विशेषणाला मात्र तनवीनसह जेर. विशेषण नामाची दिसणारी मात्रा उचलत नाही, नामाची विभक्ती उचलतं. ‘कसीरत’ हा शब्द स्वतः मुन्सरिफ असल्यामुळे तो आपली जर उघडपणे दाखवतो.

वह्या तपासताना माझी लाल शाई सर्वांत जास्त इथेच खर्च होते. मुलं नाम बरोबर लिहितात आणि त्या जबरच्या नादाने पुढे ‘कसीरत-अन’ लिहून मोकळी होतात.

३. नऊ कारणं पाठ करायला सांगतात. ती कशी लक्षात ठेवायची?

परंपरेने नऊ कारणं मोजतात, आणि आपल्याकडच्या मदरशांत ती दोन ओळींच्या पद्यात घोकून घेतात. पाठ जरूर करा, पण नऊ सुटी कारणं डोक्यात ठेवून शब्द ओळखता येत नाहीत. मी तीन कप्पे सांगते.

पहिल्या कप्प्यात असे शब्द, ज्यांना एकच कारण पुरतं. त्यात दोन गट आहेत: ‘मसाजिद’च्या चालीवरची अनेकवचनं (प्रश्न ५) आणि शेवटी स्त्रीलिंगी ‘आ’ किंवा ‘आअ’ असलेले शब्द (प्रश्न ७). हे विशेषनाम असोत वा सामान्यनाम, काही फरक पडत नाही.

दुसऱ्या कप्प्यात विशेषनामं. नुसतं विशेषनाम असून भागत नाही, सोबत आणखी एक कारण लागतं: स्त्रीलिंग, परकेपणा, शेवटचा जादा ‘आन’, क्रियापदासारखा साचा, दोन शब्दांचा जोड किंवा मूळ रूपापासून वळलेलं रूप (प्रश्न ८ ते १०).

तिसऱ्या कप्प्यात विशेषणं. तिथेही जोडकारण लागतं, आणि मुख्य साचे दोनच: ‘अहमर’सारखे आणि ‘गजबान’सारखे (प्रश्न १२).

शब्द समोर आला की आधी कप्पा ठरवा. नऊ कारणांची यादी वरपासून खाली चाचपत बसू नका.

४. पण असं का? तनवीन आणि जेर हेच दोन का जातात?

याचं जुनं उत्तर आठव्या शतकातल्या बसऱ्याच्या सिबवैह या वैयाकरणापासून चालत आलंय, आणि ते मोठं चतुर आहे. नाम हलकं, क्रियापद जड. क्रियापदाला तनवीन कधीच लागत नाही आणि जेरही नाही. एखादं नाम दोन बाबतींत मूळ स्थितीपासून सरकलं, की ते क्रियापदासारखं जड होतं आणि क्रियापदाला जे वर्ज्य तेच त्यालाही वर्ज्य होतं. अनिश्चित हे मूळ, विशेषनाम हे त्यावरून आलेलं. पुल्लिंग मूळ, स्त्रीलिंग पुढचं. अरबी मूळ, परकं पुढचं. म्हणून ‘फातिमा’ दोनदा सरकलेली: विशेषनाम आहे आणि स्त्रीलिंगीही. पहिल्या कप्प्यातलं एक कारण दोनांच्या तोलाचं धरतात.

हे स्पष्टीकरण घटनेनंतर बसवलेलं आहे असं माझं मत आहे. दोन मात्रांची नामं अरबीपेक्षा कितीतरी जुन्या उगारितिक भाषेतही सापडतात, म्हणजे ही चाल अरबी वैयाकरणांच्या आधीपासूनची सेमिटिक चाल आहे. तरीही जुनं उत्तर शिकून घ्या, कारण ‘अल’ लागल्यावर जेर परत का येते (प्रश्न ११) ते त्यातून लगेच समजतं.

५. अनेकवचनं कशी ओळखायची? सगळीच अनेकवचनं अशी नसतात ना?

नसतात. ‘कुतुब’ (पुस्तकं), ‘रिजाल’ (पुरुष), ‘अय्याम’ (दिवस) ही सगळी मुन्सरिफ. ज्या अनेकवचनाची चाल ‘मसाजिद’ किंवा ‘मफातीह’ (किल्ल्या) सारखी, तेवढीच गैर मुन्सरिफ. चाल कानाने ओळखा. पहिली दोन व्यंजनं ‘अ’ आणि ‘आ’ची, त्यानंतर एक तर दोन व्यंजनं आणि मध्ये ‘इ’, नाहीतर मध्ये दीर्घ ‘ई’. पहिलं व्यंजन ‘म’च असलं पाहिजे असं नाही.

ही चाल मराठी कानाला परकी नाही. फारसीच्या वाटेने यातले काही शब्द केव्हाच आपल्या घरात येऊन बसलेत. जवाहीर हे ‘जौहर’चं अनेकवचन. कवायत आली ‘कवाइद’वरून, म्हणजे ‘काइदा’चं अनेकवचन. अजायबखान्यातलं ‘अजायब’ही तसंच. आणि स्वयंपाकघरातला मसाला ‘मसालिह’वरून आलेला. मराठीत आपण त्यांना एकवचनी करून टाकलं, पण अरबीत चौघेही आजतागायत तनवीन घेत नाहीत.

कुराणातल्या सबा सूऱ्याच्या १३व्या आयतीत एका ‘मिन’नंतर तीन अनेकवचनं ओळीने येतात: मिन महारीब-अ व तमासील-अ व जिफान-इन. तिन्ही शब्द एकाच अव्ययाच्या अमलाखाली, तिन्ही जर स्थितीत. पहिले दोन या चालीचे म्हणून जबरवर थांबतात. तिसरा ‘जिफान’ (मोठी ताटं) वेगळ्या चालीचा, म्हणून त्याला तनवीनसह जेर. फरक दाखवायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही.

६. मग ‘मलाइका’ आणि ‘असातिजा’ला तनवीन कशी चालते? चाल तर तीच आहे.

चाल तीच, पण शेवटी गोल ‘त’ जोडलेला आहे. तो आला की शब्दाचा साचा एकवचनी नामांसारखा होतो आणि गट सुटतो. म्हणून देवदूत मलाइकत-उन, शिक्षक असातिजत-उन. गंमत अशी की शिक्षकांचं दुसरं अनेकवचन ‘असातीज’ असं, त्या ‘त’शिवायही होतं, आणि ते मात्र गैर मुन्सरिफ.

७. ‘उलमा’ गैर मुन्सरिफ आणि ‘अस्मा’ मुन्सरिफ, असं का? दोघांच्या शेवटी ‘आअ’च आहे.

शेवट ऐकायला सारखा आहे, पण त्यातला हमजा कुठून आला ते बघायचं असतं. ‘उलमाअ’ (विद्वान) याचं मूळ अ-ल-म, त्यात शेवटचा ‘आअ’ वरून चिकटवलेला. हा चिकटवलेला ‘आअ’ स्त्रीलिंगी शेवट मानतात आणि तो एकटा पुरतो. ‘उमराअ’ (अमीरचं अनेकवचन, आपले उमराव), ‘फुकराअ’ (गरीब), ‘सहराअ’ (वाळवंट), ‘हमराअ’ (तांबडी) हे सगळे असेच.

‘अस्माअ’ (नावं) मध्ये तो हमजा शब्दाच्या मुळातल्या अक्षराच्या जागी उभा आहे. शब्दाचा साचा ‘अफआल’, म्हणजे ‘अकलाम’ (लेखण्या) सारखा. म्हणून अस्मा-उन. ‘दुआ’, ‘बिना’ (इमारत), ‘अअदा’ (शत्रू) यांचंही तसंच. तपासायची रीत सोपी आहे: शेवट काढून टाका आणि मुळाची तीन अक्षरं उरतात का ते मोजा. तीन उरली तर शेवट जादा होता, म्हणजे शब्द गैर मुन्सरिफ. दोनच उरली तर हमजा मुळातला, म्हणजे शब्द मुन्सरिफ.

आता अपवाद. ‘अश्याअ’ (वस्तू, ‘शै’चं अनेकवचन) या रीतीने मुन्सरिफ ठरायला हवा. श आणि य एवढंच उरतं, म्हणजे हमजा मुळातला. पण माइदा सूऱ्याच्या १०१व्या आयतीत चक्क अन अश्याअ-अ आलं आहे, तनवीन नाही आणि जेरही नाही. खलील आणि सिबवैह म्हणतात, मूळ शब्द ‘शैआअ’ होता. त्यातला पहिला हमजा उडी मारून पुढे आला, आणि शेवटचा ‘आअ’ खरं तर चिकटवलेलाच आहे. किसाई म्हणतो, साचा ‘अफआल’च, पण लोकांनी तो ‘हमराअ’च्या वळणावर नेला. दोघांपैकी कुणाचंही माना, परीक्षेत ‘अश्याअ’ला तनवीन देऊ नका.

८. मुहम्मद-उन, पण अहमद-उ. दोन्ही एकाच धातूची नावं असून असं का?

कारण ‘अहमद’ क्रियापदाच्या साच्यात बसतो आणि ‘मुहम्मद’ बसत नाही. ‘अहमदु’ याचा अर्थ ‘मी स्तुती करतो’ असाही होतो. त्यामुळे तो विशेषनाम आहे आणि क्रियापदाच्या साच्याचाही, झाली दोन कारणं. ‘यजीद’ (तो वाढवतो) आणि मदिनेचं जुनं नाव ‘यसरिब’ हेही तसेच. ‘मुहम्मद’, ‘खालिद’, ‘हसन’, ‘अली’ ही शुद्ध अरबी पुल्लिंगी नावं, दुसरं कारणच नाही, म्हणून तनवीन.

‘उस्मान’, ‘सुलैमान’, ‘रमजान’, ‘शाबान’ इथे शेवटचा ‘आन’ जादा आहे. ‘फातिमा’, ‘मक्का’ गोल ‘त’मुळे, आणि ‘जैनब’ नुसत्या अर्थाने स्त्रीलिंगी. पुरुषाचं नाव असूनही ‘हमजा’ आणि ‘तल्हा’ याच गटात येतात, कारण शेवटी गोल ‘त’ आहे. नियम अक्षर बघतो, दाढी बघत नाही. जोडनावांत ‘बालबक्क’ आणि ‘हजरमौत’ ही ठिकाणं ठरलेली.

एक घोटाळा टाळा. ‘मुहम्मद-उ ब्न-उ अब्दिल्लाह’ मध्ये तनवीन दिसत नाही, ती पुढे ‘इब्न’ आल्यामुळे गळाली. तिथे जर स्थितीत जेर येतेच: मुहम्मद-इ ब्न-इ. तो गैर मुन्सरिफ नव्हे.

९. परक्या नावांचं काय? माझं नाव अरबीत लिहिलं तर कुठे बसेल?

निसा सूऱ्याची १६३वी आयत हाताशी घ्या. तिथे ‘इला’नंतर आधी नूह-इन येतं, जेर आणि तनवीन दोन्ही. थोडं पुढे पुन्हा ‘इला’ येतो आणि रांग लागते: इब्राहीम-अ, इस्माईल-अ, इस्हाक-अ, याकूब-अ. सगळे जबरवर. मग ‘अल-अस्बात-इ’, त्याला ‘अल’ आहे म्हणून जेर (प्रश्न ११). मग ‘ईसा’, ज्याच्या शेवटी आ असल्याने काहीच दिसत नाही. मग अय्यूब-अ, यूनुस-अ, हारून-अ, सुलैमान-अ.

नूहसुद्धा परकंच नाव, मग त्याला तनवीन का? कारण ते तीनच अक्षरांचं आहे आणि मधलं अक्षर साकिन, म्हणजे त्याला स्वतःची मात्रा नाही. एवढ्या हलक्या नावाला परकेपणाचं ओझं लागत नाही असं मानतात. ‘लूत’ही असाच.

आता तुमचं नाव. ‘राम’ अरबीत र, अलिफ, म असा लिहितात. तीन अक्षरं, मधला अलिफ साकिन, म्हणजे नूहच्या पंगतीला: राम-उन. ‘गणेश’ लिहिताना अक्षरं तीनांवर जातात, तेव्हा गैर मुन्सरिफ. ‘सुनीता’ अलिफावर संपते, मात्रा दिसणारच नाही. ‘किरण’ मात्र भांडण लावतो. तो तीनच अक्षरांत लिहिला तर मधल्या ‘र’ला मात्रा आहे. इब्नुल हाजिबच्या मते मधल्या अक्षराला मात्रा असली तर तेवढ्यानेही नाव गैर मुन्सरिफ होतं. इतर पुष्कळ वैयाकरण अक्षरं तीनांपेक्षा जास्तच हवीत असं धरतात. हे पुरुषाच्या नावाबद्दल झालं. किरण बाई असेल तर परकेपणाला स्त्रीलिंगाची जोड मिळते आणि भांडण मिटतं: गैर मुन्सरिफ.

आणि हे फक्त विशेषनामांपुरतं. ‘दीवान’, ‘उस्ताज’, ‘तिलिफिज्यून’ हे परके शब्द सामान्यनामं म्हणून आले, त्यांना तनवीन बिनदिक्कत लागते.

१०. ‘उमर’मध्ये दुसरं कारण कोणतं? ना स्त्रीलिंग, ना परकं.

पुस्तकी उत्तर ‘अद्ल’, म्हणजे वळण. ‘उमर’ हे ‘आमिर’वरून वळवलेलं रूप मानतात. ‘जुहल’ (शनी), ‘मुजर’, ‘जुफर’ हे त्याच चालीचे. पण ‘आमिर’चा ‘उमर’ होताना कुणी पाहिलेला नाही. लोक तनवीन देत नव्हते, कारण सापडत नव्हतं, म्हणून हे कारण गृहीत धरलं. वैयाकरण हे लपवत नाहीत, ते याला ‘तकदीरी’ म्हणजे मानलेलं वळण असंच म्हणतात. तुम्ही ही नावं सरळ यादी म्हणून पाठ करा.

‘उखर’ (इतर) मध्येही वळणच मानतात, पण तो विशेषणांच्या कप्प्यातला. बकरा सूऱ्याच्या १८४व्या आयतीत मिन अय्याम-इन उखर-अ आहे. इथे नाम मुन्सरिफ आणि विशेषण गैर मुन्सरिफ, म्हणजे प्रश्न २ मधल्या वाक्याच्या बरोबर उलट.

११. ‘फिल-मसाजिद-इ’ मध्ये जेर आली. मग नियम मोडला का?

नाही, हा नियमाचाच अर्धा भाग आहे. गैर मुन्सरिफ शब्दाला ‘अल’ लागला किंवा त्याच्यापुढे संबंधी शब्द जोडला, म्हणजे तो इजाफतीत पहिला उभा राहिला, की त्याची जेर परत येते. तनवीन येत नाही, पण ती अशा जागी कोणत्याच नामाला येत नाही. जुन्या उपपत्तीप्रमाणे ‘अल’ आणि इजाफत क्रियापदाला कधी लागत नाहीत. ते लागले की क्रियापदाशी असलेलं साम्य तुटतं.

एकच शब्द तीन जागी ठेवून पाहू. ‘मशिदींत’: फी मसाजिद-अ. ‘त्या मशिदींत’: फिल-मसाजिद-इ. ‘शहराच्या मशिदींत’: फी मसाजिद-इल-मदीनत-इ. तिसऱ्यात ‘मसाजिद’ला स्वतःचा ‘अल’ नाही, पण पुढे ‘मदीना’ जोडलेली आहे, तेवढं पुरतं.

कुराणात ‘अहसन’ (अधिक चांगलं) या शब्दाची जोडी आहे. निसा ८६ मध्ये बि-अहसन-अ मिन्हा, तिथे पुढे ‘मिन’ आहे, इजाफत नाही, म्हणून जबर. ‘अत-तीन’ नावाच्या सूऱ्याच्या चौथ्या आयतीत फी अहसन-इ तकवीम-इन, तिथे इजाफत आहे, म्हणून जेर. शब्द तोच, दोन्हीकडे विभक्ती जरच.

घाईत लोक दुसरी चूक करतात: ‘हा शब्द गैर मुन्सरिफ’ असं एकदा ठरवलं की ‘अल’ असतानाही जबर देतात. शेवटची मात्रा देण्याआधी शब्दाच्या आधी ‘अल’ आणि पुढे संबंधी शब्द आहे का, ते बघा.

१२. विशेषणांत कोणती?

‘अफअल’ साच्याची, ज्यांचं स्त्रीलिंग गोल ‘त’ने होत नाही. अहमर (तांबडा) याचं ‘हमराअ’, अकबर (सर्वांत मोठा) याचं ‘कुब्रा’. बादशहाचं नाव म्हणून आपल्याला ठाऊक असलेला ‘अकबर’ मुळात हाच. पण ‘अर्मल’ (विधुर) चं स्त्रीलिंग ‘अर्मला’, गोल ‘त’ने होतं, म्हणून तो मुन्सरिफ. ‘अर्नब’ (ससा) साच्याने तसाच दिसतो, पण विशेषणच नाही.

दुसरा साचा ‘फअलान’: गजबान (रागावलेला), सकरान (झिंगलेला). अट तीच, स्त्रीलिंग ‘गजबा’, ‘सकरा’ असं हवं. बनू असद या जमातीचे लोक मात्र ‘सकराना’ म्हणत, आणि त्यांच्या बोलीत ‘सकरान’ला तनवीन लागे. म्हणजे स्त्रीलिंग बदललं की तनवीनही बदलते, हे जिवंत बोलीतच दिसत होतं.

‘हस्सान’ हे नाव यातलं सर्वांत खोडकर. ते ‘हुस्न’ (सौंदर्य) वरून घेतलं तर ‘न’ मुळातला, म्हणून मुन्सरिफ. ‘हिस्स’ (संवेदना) वरून घेतलं तर ‘आन’ जादा, म्हणून गैर मुन्सरिफ. दोन्ही लिहिता येतं, मात्र धातू कोणता धरलात ते सांगता आलं पाहिजे.

१३. ‘मिस्र’ एकदा तनवीनसह, एकदा तनवीनशिवाय. कोणतं चूक?

दोन्ही बरोबर. यूसुफ सूऱ्यात (आयत ९९) उदखुलू मिस्र-अ, म्हणजे इजिप्त देश, विशेषनाम. बकरा सूऱ्यात (आयत ६१) इहबितू मिस्र-अन, तिथे बहुतेक अर्थकार ‘कोणत्याही शहरात उतरा’ असं घेतात, म्हणजे सामान्यनाम. विशेषनामपण गेलं की दुसऱ्या कप्प्यातल्या शब्दाचं एक कारण गेलं आणि तनवीन परत आली. याच न्यायाने ‘हा इब्राहीम, आणि आणखी कुणी इब्राहीम’ यात पहिला इब्राहीम-उ आणि दुसरा इब्राहीम-उन.

पहिल्या कप्प्यातल्या शब्दांना हे लागू नाही, कारण त्यांना विशेषनामपणाची गरजच नव्हती.

१४. ‘लयालिन’ (रात्री) तर मसाजिदच्या चालीचा. मग शेवटी ‘इन’ कसा?

मुळात तो ‘लयालिय’. शेवटचा अशक्त ‘य’ पेश आणि जेर पेलत नाही, म्हणून गळतो, आणि त्याच्या बदल्यात तनवीन येते. ही भरपाईची तनवीन, नेहमीची नव्हे. म्हणून रफा आणि जर दोन्हींत लयाल-इन (फज्र सूऱ्यात व लयाल-इन अश्र-इन). नस्बमध्ये ‘य’ जबर सहज पेलतो, तेव्हा तो टिकतो आणि खरी चाल उघडी पडते: सबा १८ मध्ये लयालिय-अ व अय्याम-अन. ‘मआनी’ (अर्थ) आणि ‘जवारी’ही असेच.

१५. ‘मुस्लिमात’लाही दोनच मात्रा असतात. तोही गैर मुन्सरिफ?

नाही. मुस्लिमात-उन आणि मुस्लिमात-इन, तनवीन शाबूत. इथे गळते ती जबर: ‘मी मुस्लिम स्त्रिया पाहिल्या’ म्हणतानाही ‘इन’च येतो. बरोबर उलटी तऱ्हा. ‘अरफात’ हे ठिकाणाचं नाव असूनही कुराणात (बकरा १९८) मिन अरफात-इन आहे, ते या साच्यामुळे.

१६. मात्रा न लावता लिहिलेल्या अरबीत याने काय फरक पडतो?

एकाच जागी पडतो, पण तिथे चूक उघडी दिसते. अनिश्चित नाम नस्बमध्ये असेल तर तनवीनसाठी मागे अलिफ लिहितात. ‘मी पुस्तक वाचलं’ यात ‘किताब’नंतर अलिफ. गैर मुन्सरिफला तनवीनच नाही, म्हणून अलिफही नाही. ‘मी अडचणींना तोंड दिलं’ अशा वाक्यात ‘मशाकिल’नंतर अलिफ ठोकलेला मी मोठमोठ्या फलकांवर पाहिलाय. ‘मी मुहम्मदला पाहिलं’ यात अलिफ हवा, ‘मी अहमदला पाहिलं’ यात नको. आखाती देशांत पत्रव्यवहार करणाऱ्यांनी हा धडा एवढ्यापुरता तरी पक्का करावा.

१७. मग कुराणात ‘सलासिला’च्या शेवटी अलिफ का छापलाय?

इन्सान सूऱ्याची चौथी आयत. ‘सलासिल’ (साखळ्या) मसाजिदच्याच चालीचा, तरी छापील प्रतीत शेवटी अलिफ आहे. आपल्याकडे वाचतात त्या हफ्सच्या वाचनात पुढच्या शब्दाला जोडून वाचताना तो उच्चारत नाहीत: सलासिल-अ व अगलाल-अन. नाफे आणि किसाई यांच्या वाचनात मात्र सलासिल-अन अशी तनवीन आहे. शेजारच्या ‘अगलाल-अन’ आणि ‘सईर-अन’ यांच्याशी सूर जुळावा म्हणून, असं त्याचं कारण देतात. हूद सूऱ्याच्या ६८व्या आयतीतल्या ‘समूद’नंतरचा, वर बारीक शून्य असलेला अलिफही असाच लेखनात राहिलेला.

कवितेत ही सवलत आणखी मोकळी आहे. इम्रउल कैसच्या मुअल्लकेत ‘उनैजा’ या स्त्रीनामाला वृत्तासाठी उघड तनवीन दिली आहे, आणि वैयाकरण ते ‘जरूरत’ म्हणून मान्य करतात. मात्र ही सवलत कवीला आहे. एका विद्यार्थ्याने निबंधात ‘मक्कत-इन’ लिहून खाली इम्रउल कैसचं नाव टाकलं होतं. हुशारीबद्दल मी हसले, आणि गुण कापले.